स्टोअरने ॲप परत पाठवलं, तारीख चुकली: क्लायंटला काय आणि कसं लिहायचं

२०२५ च्या पाडव्याआधी सहा दिवस, सोमवारी २४ मार्चला दुपारी, देवगडच्या एका आंबा बागायतदाराचा मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. गूगल प्लेकडून आलेली मेल होती. खाली दोनच शब्द: ‘हे काय?’

त्यांच्यासाठी आम्ही दोघा डेव्हलपरांनी मिळून पेट्यांच्या आगाऊ बुकिंगचं ॲप केलं होतं. ते पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, लोकांच्या हातात जायचं ठरलं होतं. १८ तारखेला आम्ही ते तपासणीला पाठवलं होतं आणि आता ते नाकारलं गेलं होतं. मी घाईघाईत उत्तर दिलं, ‘दादा, गूगलचा काहीतरी पॉलिसी इश्यू आहे, उद्यापर्यंत होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका.’

या एका वाक्यात तीन चुका होत्या. कारण काय ते मला माहीत नव्हतं, तरी दोष गूगलवर टाकला. तारीख माझ्या हातात नव्हती, तरी ‘उद्या’ म्हटलं. आणि समोरच्या माणसाला त्या दिवशी काय ठरवायचं आहे, हे विचारलंच नाही. दादा दुसऱ्या दिवशी दोन हजार पत्रकं छापायला देणार होते. प्रत्येक पेटीत एक पत्रक, त्यावर ॲपच्या स्टोअर पानाचा क्यूआर कोड. ॲप प्रसिद्धच झालं नसेल तर तो कोड स्कॅन करणाऱ्याला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं. माझ्या ‘उद्यापर्यंत’वर विसंबून त्यांनी छपाई करून घेतली असती, तर ती रद्दीत गेली असती.

तुमच्यावर पहिल्यांदाच ही वेळ आली असेल, तर पुढचा क्रम धरा. उदाहरण अँड्रॉइडचं आहे. ॲपलकडे कलमं वेगळी असली तरी क्लायंटला लिहायची रीत हीच.

## लिहायला बसण्याआधी हाताशी ठेवा

- नकाराची पूर्ण मेल. स्क्रीनशॉट चालणार नाही, कारण खालचा अर्धा भाग त्यात नसतो.
- प्ले कन्सोलमधली Policy status आणि Publishing overview ही दोन पानं उघडून.
- कोणता बिल्ड कधी पाठवला होता: आवृत्ती क्रमांक आणि तारीख.
- क्लायंटशी झालेला करार किंवा कामाची मेल. प्रसिद्धीच्या तारखेबद्दल तुम्ही नेमके कोणते शब्द वापरले होते ते बघा.
- त्या तारखेला बांधलेल्या क्लायंटच्या गोष्टी: छपाई, जाहिरात, उद्घाटन, सण.

## १. आधी मेल शेवटपर्यंत वाचा

मेलच्या मथळ्यात ॲप धोरणाला धरून नाही, असं काहीतरी असतं आणि क्लायंट तिथेच घाबरतो. तुम्ही मात्र शब्द पारखून घ्या. Rejected, Removed आणि Suspended या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फक्त पाठवलेली आवृत्ती प्रसिद्ध होत नाही. ती जुन्या ॲपची सुधारणा असेल, तर आधीची आवृत्ती लोकांना मिळत राहते आणि डेव्हलपर खात्यावर ठपका बसत नाही. दुसऱ्यात आधी असलेलं ॲप स्टोअरवरून काढलं जातं. तिसरी सगळ्यांत गंभीर, कारण निलंबन खात्याच्या खाती उल्लंघन म्हणून धरलं जातं.

आमचं पहिल्या प्रकारचं होतं. क्लायंटला लिहिताना ‘नाकारलं’ हा एकच शब्द सोडून दिलात, तर तो ‘बंदी आली’ असा अर्थ काढतो. दादांनीही तोच काढला होता. खातं त्यांच्या नावावर, म्हणून मेल आधी त्यांना गेली. (खातं क्लायंटच्याच नावावर असावं, हे माझं मत आजही कायम आहे. फक्त पहिल्याच दिवशी स्वतःला त्या खात्यात वापरकर्ता म्हणून जोडून घ्या आणि सूचना तुमच्या मेलवरही येतील अशी सोय करा.)

## २. कारण सापडल्याशिवाय कारण लिहू नका

मेलमध्ये कोणतं धोरण मोडलं ते लिहिलेलं असतं. आमच्या बाबतीत एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्यांचं धोरण होतं. ते २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं आणि २०१९ पासून लागू आहे. एसएमएस वाचण्याची परवानगी मुळात मेसेजिंगचं मुख्य ॲप असणाऱ्यांसाठी असते. थोडे अपवाद आहेत, पण लॉगिनचा ओटीपी आपोआप भरला जावा हे कारण त्यात बसत नाही.

मी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही ही परवानगी मागितलेलीच नाही. आमच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ती खरोखरच नव्हती. पण ॲप बांधताना आपली फाइल आणि प्रत्येक प्लगिनची फाइल एकत्र होऊन एकच मॅनिफेस्ट तयार होतं, आणि स्टोअर तेच बघतं. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये मॅनिफेस्ट फाइल उघडून खालच्या Merged Manifest टॅबवर गेलं की कोणती ओळ कुठून आली ते दिसतं. ओटीपी आपोआप भरण्यासाठी घेतलेल्या एका प्लगिनने `READ_SMS` आणि `RECEIVE_SMS` या दोन्ही ओळी गुपचूप आणल्या होत्या.

ओळ काढायची तर आपल्या मॅनिफेस्टमध्ये असं लिहितात. वरच्या `manifest` टॅगमध्ये `xmlns:tools="http://schemas.android.com/tools"` आहे ना, ते आधी बघा. दुसऱ्या परवानगीसाठीही तसंच:

```xml
<uses-permission
    android:name="android.permission.READ_SMS"
    tools:node="remove" />
```

पण नुसती ओळ काढली की ओटीपी आपोआप भरणं बंद पडतं. त्याला दोन पर्याय आहेत आणि दोन्हींचा परिणाम क्लायंटच्या तारखेवर होतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिला पर्याय, SMS Retriever. यात वापरकर्त्याला काहीच करावं लागत नाही, पण ओटीपीच्या संदेशाच्या शेवटी ॲपची ओळख पटवणारा ११ अक्षरांचा कोड जोडावा लागतो. म्हणजे संदेशाचा मजकूर बदलला. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदलेला असतो. तो बदलला की नवा नमुना पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि ती मंजुरी तिसऱ्याच्याच हातात. दुसरा पर्याय, SMS User Consent. यात मजकूर आहे तसाच राहतो. संदेश आला की फोन विचारतो, ‘हा एक संदेश या ॲपला वाचू द्यायचा का?’ आणि वापरकर्ता एकदा बोट टेकवतो.

पाडवा तोंडावर असताना स्टोअरच्या मंजुरीत आणखी एका मंजुरीची भर नको, म्हणून आम्ही दुसरा पर्याय घेतला. असे निर्णय क्लायंटला सांगायचेच, पण ‘ग्राहकाला एकदा बोट टेकवावं लागेल’ एवढ्याच शब्दांत. एपीआयची नावं आपल्यापुरती ठेवावीत.

## ३. पहिला निरोप तासाभरात, चार ओळींचा

पूर्ण पत्र लिहायला वेळ लागतो आणि तोवर क्लायंट अंदाज बांधत बसतो. म्हणून आधी छोटा निरोप द्या. त्यात कारण नको, तारीख नको. आपल्याला कळलं आहे, केव्हा नक्की सांगू, आणि तोवर काय थांबवावं, एवढं पुरतं. ‘उद्यापर्यंत’चं पाणी ओसरल्यावर मी दुसरा निरोप पाठवला:

> दादा, आधीच्या मेसेजमध्ये मी घाईने ‘उद्यापर्यंत’ लिहिलं, ते धरू नका. ॲपवर बंदी आलेली नाही, पाठवलेली आवृत्ती दुरुस्तीसाठी परत आली आहे. नेमकं कारण शोधतोय, आज रात्री ८ पर्यंत सविस्तर लिहितो. तोवर पत्रकं छापायला देऊ नका.

शेवटचं वाक्य नसतं तर बाकीच्या तिन्हींचा उपयोग नव्हता. आणि ८ म्हटलं तर ८ च्या आत लिहायचं, कारण सापडलं नसलं तरीही.

## ४. तारखेचे दोन तुकडे करा

नवखे सगळ्यांत जास्त फसतात ते इथे. क्लायंट विचारतो ‘मग कधी?’ आणि आपण एक तारीख सांगून मोकळे होतो. त्या तारखेत दोन वेगळ्या माणसांचा वेळ मिसळलेला असतो: आपला आणि स्टोअरच्या तपासनीसांचा. आपल्या वेळेचं वचन देता येतं. त्यांच्या वेळेचा फक्त अंदाज सांगता येतो.

गूगलचं म्हणणं असं की तपासणीला सात दिवसांपर्यंत लागू शकतात, अपवादाने जास्तही. पहिल्या खेपेला आमचे १८ ते २४ असे सहा दिवस गेले होते. आता हिशेब असा झाला: दुरुस्ती आणि स्वतःची चाचणी मंगळवारी २५ ला, पुन्हा पाठवणं बुधवारी २६ ला. तिथून सात दिवस म्हणजे २ एप्रिल. मधेच पाडवा. ‘पाडव्यापर्यंत होईल’ हे शक्य होतं, पण त्यावर कुणाचा पैसा लावायला सांगणं बरोबर नव्हतं.

मनात ‘बहुतेक शुक्रवारी होईल’ असं येतंच. ते लिहू नका. क्लायंट ‘बहुतेक’ विसरतो, शुक्रवार लक्षात ठेवतो.

## ५. मुख्य पत्र

हे मेलवर पाठवा आणि व्हॉट्सॲपवर फक्त ‘मेल पाठवली आहे’ असं कळवा. पुढे पैशांचा किंवा मुदतीचा प्रश्न निघाला तर मेल सापडते. मी पाठवलेलं पत्र थोडं कापून देतो:

> विषय: ॲपची प्रसिद्धी पुढे जात आहे – कारण आणि नवं वेळापत्रक
>
> नमस्कार दादा,
>
> ॲप ३० मार्चला, पाडव्याला, प्रसिद्ध होईल असं आपलं ठरलं होतं. ते त्या दिवशी नक्की मिळेल असं आता सांगता येत नाही. याबद्दल दिलगीर आहोत.
>
> काय झालं: १८ तारखेला पाठवलेली आवृत्ती गूगल प्लेने आज परत पाठवली. ओटीपी आपोआप भरण्यासाठी आम्ही जो तयार भाग वापरला, तो ग्राहकाच्या फोनमधले एसएमएस वाचण्याची परवानगी मागत होता. गूगल अशा कामासाठी ती परवानगी देत नाही. पाठवण्याआधी हे तपासणं आमचं काम होतं, ते राहून गेलं. ॲपवर बंदी नाही आणि तुमच्या खात्यावर याचा परिणाम झालेला नाही.
>
> काय करत आहोत: तो भाग काढून दुसरी पद्धत बसवत आहोत. फरक एवढाच की लॉगिन करताना ग्राहकाला एकदा ‘परवानगी द्या’वर बोट टेकवावं लागेल. एसएमएसचा मजकूर बदलणार नाही.
>
> कधी: बुधवारी २६ तारखेला संध्याकाळपर्यंत आम्ही नवी आवृत्ती पाठवू. हे नक्की. त्यानंतरची तपासणी गूगलकडे आहे. तिला सात दिवसांपर्यंत, क्वचित जास्त, लागू शकतात. म्हणून २ एप्रिलपर्यंतची तयारी ठेवावी. पाडव्याच्या आत झालं तर आनंदच, पण त्यावर विसंबून खर्च करू नये.
>
> तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, पत्रकावरचा क्यूआर कोड स्टोअरच्या पानाऐवजी तुमच्या वेबसाइटच्या पानाचा ठेवू का, ते उद्या दुपारपर्यंत सांगा. त्या पानावर सध्या व्हॉट्सॲप बुकिंगचा नंबर देऊ आणि ॲप आलं की त्याची लिंक टाकू. म्हणजे छपाई थांबणार नाही. दोन, नव्या आवृत्तीवर एकदा तुमच्या फोनवरून लॉगिन करून बघा. लिंक मंगळवारी रात्री पाठवतो.
>
> या दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे. तपासणीत काही बदल झाला नाही तरी शुक्रवारी सकाळी ११ ला मी स्थिती कळवीन.

आता यातल्या काही जागा बघा.

वाईट बातमी दुसऱ्याच वाक्यात आहे. ‘आपण आमच्यावर विश्वास टाकलात’ वगैरे दोन परिच्छेद आधी लिहिले, तर वाचणाऱ्याला पुढचं आधीच कळतं आणि राग वाढतो. नम्रपणा ‘कृपया’ किती वेळा आला यावर ठरत नाही. समोरच्याला पुन्हा विचारावं लागू नये इतकं स्पष्ट लिहिणं, मला तरी तोच नम्रपणा वाटतो.

चूक एका वाक्यात मान्य केली आहे आणि तिथेच सोडली आहे. ‘प्लगिनने आणली’ हे खरं असूनही लिहिलं नाही. ते प्लगिन निवडलं कुणी? आणि दिलगिरी एकदाच. तीनदा माफी मागितली की क्लायंटला वाटतं, प्रकरण सांगतात त्याहून मोठं आहे.

‘हे नक्की’ हे दोन शब्द फक्त आमच्या तारखेपुढे आहेत. क्यूआरचा प्रश्न त्यांच्यावर टाकताना उत्तरही तयार दिलं आहे, त्यांना फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ते त्यांनी दहा मिनिटांत म्हटलं.

चूक क्लायंटच्या बाजूची असेल तर? उदाहरणार्थ गोपनीयता धोरणाचं पान त्यांनी द्यायचं होतं आणि दिलं नाही. तेव्हा ‘तुमच्याकडून पान आलं नाही म्हणून’ असं न लिहिता ‘या पानाशिवाय तपासणी पुढे जात नाही, मजकुराचा मसुदा सोबत जोडला आहे, तो बघून द्या’ असं लिहा. कधी मागितलं होतं त्याची जुनी मेल खाली राहू द्या. तिच्याकडे बोट दाखवायची गरज पडत नाही.

## ६. पत्रानंतर येणारे प्रश्न

‘मग एपीके व्हॉट्सॲपवर पाठवू या की!’ हा पहिला फोन. नाही म्हणा, आणि कारण सांगा. प्लेवरून मिळणारं ॲप गूगलकडे असलेल्या किल्लीने सही केलेलं असतं, तुम्ही संगणकावर बांधलेली एपीके तुमच्या किल्लीने. सह्या जुळल्या नाहीत की पुढे प्लेवरची आवृत्ती त्यावर बसत नाही. ग्राहकाला आधीचं ॲप काढून टाकावं लागतं. घाई असेलच तर अंतर्गत चाचणीचा मार्ग आहे. त्यात १०० जणांपर्यंत ईमेल जोडून लिंक देता येते. दादांच्या घरच्यांना आणि मुंबईतल्या दोन जुन्या वितरकांना आम्ही ॲप असंच दिलं.

‘दुसऱ्या खात्यावरून टाकून बघायचं का?’ अजिबात नको. स्टोअर खाती एकमेकांशी जोडून बघतं, आणि साधा नकार निलंबनापर्यंत नेण्याचा हा जवळचा रस्ता आहे.

‘अपील करा ना.’ तपासणाऱ्याने चुकीचं वाचलं आहे याचा पुरावा तुमच्याकडे असेल तरच. आमच्या बिल्डमध्ये परवानगी खरोखर होती. अपील केलं असतं तर उत्तर ‘आहे की’ असंच आलं असतं आणि मधले दिवस फुकट गेले असते.

## ७. पुन्हा पाठवताना, आणि नंतर

नवी आवृत्ती पाठवण्याआधी एक गोष्ट बघा, जिच्यामुळे दुसरा नकार हमखास येतो. परवानगी फक्त प्रॉडक्शनच्या बिल्डमधून काढून चालत नाही. कधीकाळी बंद चाचणीत किंवा खुल्या चाचणीत टाकलेला जुना बिल्ड अजून तिथे चालू असेल, तर तोही धोरणात मोजला जातो. आमच्या बंद चाचणीत फेब्रुवारीतला एक बिल्ड तसाच पडून होता. त्या ट्रॅकवरही नवा बिल्ड चढवा. मग Merged Manifest पुन्हा उघडून दोन्ही ओळी गेल्या आहेत हे डोळ्यांनी बघा. दुसऱ्यांदा नकार आला तर दुसरं पत्र पहिल्याइतकं सोपं जात नाही.

पाठवलं की एक ओळ: ‘दादा, नवी आवृत्ती आज संध्याकाळी ५:४० ला पाठवली.’ शुक्रवारी ११ ला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी लिहिलं: ‘अजून तपासणीत आहे. पुढचं सोमवारी सकाळी कळवतो.’ त्यांनी अंगठा पाठवला. काही नवीन नसतानाचा हा निरोप टाळायचा मोह होतो, पण तो चुकला तर फोन वाजतोच.

मंजुरी सोमवारी ३१ तारखेला आली. पाडवा एका दिवसाने हुकला. मंजूर झालं म्हणून लगेच नाचू नका. स्टोअरच्या शोधात ॲप दिसायला कधी काही तास जातात. आधी स्वतःच्या, मग खात्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लिंक उघडून बघा आणि मगच क्लायंटला लिहा. मी माझ्या वहिनींच्या फोनवर ॲप उतरवून, लॉगिन करून, एक पेटी बुक करून मग निरोप पाठवला. वेबसाइटच्या पानावर लिंक टाकली. पत्रकं तोवर पेट्यांतून निघूनही गेली होती आणि कोड चालू होता.

वहिनींची ती पेटी रद्द करायची राहिली. ती आठवड्याने घरी पोचली, बिलासकट.